झाडं, पार्सल आणि नऊ ते एकोणीस

आपण आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नाही, हे सूचनावाले कुणी न विचारताच सगळ्यांना सांगत. जिन्यात, किराणा दुकानात, एकदा तर लिफ्ट का नाही याबद्दल चाललेल्या सभेतसुद्धा. लोक ऐकून घेत, कारण सूचनावाल्यांना मध्येच थांबवणं हेही एक कामच होतं.

सूचनावाले हे इमारतीतल्या पोरांनी ठेवलेलं नाव. मिक्सर, गिझर, पंखा यांच्या खोक्यात जी घडी घातलेली पुस्तिका असते आणि जी न वाचताच लोक मशीन चालू करतात, ती लिहिणं हा त्यांचा पोटापाण्याचा धंदा. तीस वर्षं ते लोकांना ओल्या हाताने बटण दाबू नका म्हणून सांगत होते. अजून कुणी ऐकल्याचं त्यांना कळलेलं नव्हतं. बायकोपोरांच्या भानगडीत ते पडले नाहीत. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, खिडकीत चार कुंड्या आणि आपला हात जगन्नाथ, असा सगळा कारभार.

आणि मग हर्निया निघाला. डॉक्टरांनी पोटाला हात लावून सांगितलं, "ऑपरेशन करून टाकू. दहा तारखेला या. कुणीतरी सोबत आणा."

सोबत कुणाला आणणार? सांगितलं की माणसं भेटायला येणार, डबे येणार, "जिना कसा चढणार?" म्हणून चर्चा होणार, आणि आयुष्यभर जपलेलं ते ब्रीदवाक्य पार धुळीला मिळणार. सूचनावाल्यांना ऑपरेशनची भीती नव्हती असं नाही. पण लोकांच्या उपकाराची त्याहून जास्त होती. म्हणून त्यांनी बेत आखला. नऊला दवाखान्यात भरती व्हायचं, बाराला सुट्टी झाली की दवाखान्याजवळच्या एका लॉजमध्ये तळमजल्यावर खोली घेऊन एकोणीसपर्यंत पडून राहायचं, आणि सरळ चालता येऊ लागलं की घरी यायचं. सगळ्यांना सांगायचं की गावाला गेलो होतो. दवाखाना घरापासून बसने अकरा थांबे लांब. एवढ्या लांबचा प्रवास करणाऱ्याला परगावी गेला म्हणायला काय हरकत आहे?

पण चार कुंड्यांचं काय? शिवाय ऑपरेशननंतर पोटाला बांधायचा पट्टा त्यांनी मागवला होता. तो आठ तारखेला यायचा, तो आता दहाला येतो असा निरोप आला. म्हणजे मागणं आलंच.

मागायचं तर समोरच्या दाराकडेच. तिथे सिस्टर राहत. बत्तीस वर्षं सर्जरीच्या वॉर्डात काढून निवृत्त झालेल्या, बोलायला तुटक, आणि सबंध इमारतीला दटावायचा आपल्याला हक्कच आहे असं समजणाऱ्या. सूचनावाल्यांनी चिठ्ठीचे सात खर्डे केले. पहिल्यात "कृपया" पाच वेळा आलं होतं, तिसऱ्यात एकदाही नाही. सातवा हा:

"नमस्कार सिस्टर. मी ९ ते १९ तारखेपर्यंत मामेबहिणीकडे डोंगरात जात आहे. आपल्याला थोडा त्रास देतो. झाडे: नेचा आणि पुदिना यांना रोज सकाळी एक पेला पाणी, लिंबाला एक दिवसाआड दोन पेले, कोरफडीला फक्त १५ तारखेला अर्धा पेला. ताटलीत साचलेले पाणी ओतून टाकावे. पार्सल: १० तारखेला दुपारी एक येईल. देणारा माणूस चार आकडी कोड मागेल. तो माझ्या फोनवर येतो. आपण फोन करताच मी सांगेन. पार्सल उघडू नये. आपला अत्यंत आभारी आहे. परत आल्यावर भेटायला येतो."

सोबत आणखी तीन पानं होती. त्यांत कुंड्यांचा नकाशा आणि "पाने पिवळी पडल्यास काय करावे" असं एक कोष्टक होतं. सिस्टरनी किल्ली घेतली, चारही पानं चाळली आणि विचारलं, "भाऊ, झाडं चारच आहेत ना?"

"चारच."

"बरं," म्हणून त्यांनी दार लावलं. सूचनावाल्यांना घाम फुटला. वाक्य जमलं नव्हतं की काय, याचा विचार करत ते पिशवी उचलून जिना उतरले.

आता या सगळ्यात एक गोम होती, आणि ती तीस वर्षं सूचना लिहिणाऱ्या माणसाला दिसली नाही. ऑपरेशन दहा तारखेला. पार्सल दहा तारखेला. आणि फोन करताच कोड सांगणारा माणूस भूल दिलेला. त्यांचा हिशोब असा होता की ऑपरेशन सकाळी आठला, म्हणजे दुपारी आपण शुद्धीवर. दवाखान्याच्या घड्याळाने हा हिशोब मानला नाही. दुपारी बारा वाजता त्यांना आत नेलं. आणखी एक. भरतीच्या फॉर्मवर "अडचणीच्या वेळी कुणाला कळवायचं" या रकान्यात त्यांनी परदेशी राहणाऱ्या चुलतभावाचं नाव लिहिलं होतं आणि नंबर स्वतःचाच टाकला होता. दोन्ही नंबर एकच आहेत हे खिडकीतल्या कारकुनाच्या लक्षात आलं नाही. सूचनावाल्यांना तेव्हा आपल्या हुशारीचं कौतुक वाटलं होतं.

संध्याकाळी ते नीट शुद्धीवर आले. पोटावर कुणीतरी वीट ठेवल्यासारखं वाटत होतं. वॉर्डातल्या नर्सने विचारलं, "काका, दुखतंय?"

"छे," सूचनावाले म्हणाले.

मग त्यांना पार्सल आठवलं. धडपडत फोन हातात घेतला. सिस्टरचा निरोप होता: "पार्सल मिळालं. नेचा बरा आहे."

कोडशिवाय कसं मिळालं, हा प्रश्न शहाण्या माणसाला पडला असता. सूचनावाल्यांनी मात्र देवाचे आभार मानले आणि उत्तर पाठवलं: "धन्यवाद. इकडे हवा फार छान आहे. डोंगरावर फिरून आलो."

"फार फिरू नका," सिस्टरनी कळवलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी धबधबा पाहिल्याचं कळवलं. सिस्टरचा निरोप आला, "खोकला आला तर पोटावर उशी दाबून धरा. धबधब्याजवळ गारवा असतो." सूचनावाल्यांना हे जरा विचित्र वाटलं. पण नर्स बाई, सवयीने बोलत असतील, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. वॉर्डातली नर्स येऊन विचारून जायची, "दुखतंय?" आणि ते म्हणायचे, "अजिबात नाही." मग भिंतीकडे तोंड करून दात आवळून पडायचे. खोटं बोलायला इतकं बळ लागतं हे त्यांना आत्ता कळत होतं. लॉजवर आणखी सात दिवस एकट्याने असंच पडायचं आहे, म्हणून ते दिवस बोटांवर पुन्हा पुन्हा मोजायचे. दर वेळी सातच भरायचे.

बारा तारखेला सकाळी ते कपडे करून खाटेच्या कडेवर बसले होते. जोडे समोर पडले होते आणि वाकता येत नव्हतं. एवढ्यात नर्स येऊन म्हणाली, "काका, तुमच्याकडचं माणूस आलंय."

"माझ्याकडचं? मला कुणी नाही."

दारात सिस्टर उभ्या होत्या. हातात खोकं. खोक्यावर दुकानाचं नाव आणि पोटाच्या पट्ट्याचं चित्र, भलंमोठं.

"उघडू नये असं लिहिलं होतंत," सिस्टर म्हणाल्या. "म्हणून उघडलं नाही. तसंच घेऊन आले."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं सूचनावाल्यांना वाटलं. पण वॉर्डाची फरशी मजबूत होती. ते म्हणाले, "आपल्याला कसं..."

"तुमच्या फोनवर फोन केला, कोड विचारायला. या पोरीने उचलला. पेशंट आत आहे म्हणाली. मी म्हटलं, बाई, पार्सलवाला दारात उभा आहे, स्क्रीनवर चार आकडे आले असतील ते वाच. तिने वाचले. मग तिने मला विचारलं, तुम्ही पेशंटच्या कोण? कळवायचा नंबर लावला तर तो फोन माझ्याच ड्रॉवरमध्ये वाजतोय."

नर्स तोंडावर हात ठेवून बाहेर गेली.

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"मी शेजारीण, असं म्हटलं. माझा नंबर लिहून घे म्हटलं." सिस्टर स्टुलावर बसल्या. "दोन दिवस वाट पाहिली, तुम्ही काही सांगता का म्हणून. तर तुम्ही धबधबे बघताय."

सूचनावाल्यांनी घाईघाईने पिशवीतून मधाची बाटली काढली. आभाराची भेट म्हणून त्यांनी ती आधीच घेऊन ठेवली होती. डोंगरातली वाटावी म्हणून वरचं लेबलही खरवडलं होतं. सिस्टरनी ती उलटी करून बुड वाचलं. कोपऱ्यावरच्या दुकानाचा शिक्का होता.

"चांगला असतो यांच्याकडचा मध," एवढंच त्या म्हणाल्या, आणि ती पिशवीत टाकली. मग त्यांचा आवाज बदलला. "भाऊ, मला राग आलाय. पुदिन्याचं पान पिवळं पडलं तर काय करायचं ते मला लिहून देता, आणि स्वतःचं पोट फाडून घ्यायला निघता ते सांगत नाही. मी बत्तीस वर्षं काय केलं मग? समोरच्या दारात नुसती पाटी लावून बसले?"

आपण त्रास देत नाही म्हणता म्हणता या बाईचा अपमान करून ठेवला, हे सूचनावाल्यांना लख्ख कळलं. कुणाचे उपकार नकोत, यात समोरच्याला काय वाटेल हा रकाना त्यांनी कधी ठेवलाच नव्हता. त्यांना फार वाईट वाटलं.

"लॉजवर खोली घेतलीय," ते पडेल आवाजात म्हणाले. "जिना चढता येणार नाही म्हणून."

"कुणी सांगितलं? हळूहळू चढता येतो. डॉक्टरला विचारलंत?"

त्यांनी विचारलं नव्हतं. विचारणं म्हणजे मागणंच की.

सिस्टरनी खाली वाकून त्यांच्या पायात जोडे चढवले. सूचनावाले "अहो, राहू द्या" म्हणाले नाहीत. म्हणायला तोंडच उरलं नव्हतं. खोकं त्यांनी स्वतः उघडलं आणि सिस्टरनी पट्टा बांधला, बत्तीस वर्षांच्या हाताने, एका दमात.

टॅक्सी इमारतीपाशी थांबली. पिशवी सिस्टरकडे, कठड्यावर हात सूचनावाल्यांचा. एकेक पायरी. पहिला मजला झाला. तिथल्या दारातून कुणीतरी डोकावून पाहिलं. सूचनावाल्यांना वाटलं, आता सगळ्या इमारतीला कळणार. मग वाटलं, कळू दे. दुसऱ्या मजल्याच्या अलीकडे त्यांचे पाय थांबले. कपाळावर घाम आला होता.

"दुखतंय?" सिस्टरनी विचारलं.

"छे" अगदी ओठांवर आलं. तीन दिवसांत ते इतक्या वेळा म्हणून झालं होतं की जीभ आपोआप वळत होती. सूचनावाल्यांनी कठडा घट्ट धरला.

"दुखतंय," ते म्हणाले. "फार दुखतंय. पहिल्या दिवसापासून."

आणि जिन्यातच पायरीवर बसून अठ्ठावन्न वर्षांचा तो माणूस रडायला लागला. दुखण्यामुळे की कशामुळे, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

सिस्टरनी पिशवी खाली ठेवली आणि त्या शेजारीच पायरीवर बसल्या.

"बसा," त्या म्हणाल्या. "घाई नाही. झाडांना सकाळीच पाणी घातलंय."