भर दुपारची सावली

"सगळ्यांचं उत्तर एकच, आणि तेही चुकीचं. याला कॉपी नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?" परीक्षा मंडळाच्या अध्यक्षांनी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा माझ्यापुढे सरकवला.

प्रश्न भूगोलाचा, दोन गुणांचा होता. उभ्या काठीची सावली भर दुपारी कोणत्या दिशेला पडते? तपासनिसांना दिलेल्या आदर्श उत्तरात एकच शब्द होता: उत्तरेला. लाखभर मुलांनी तो डोळे झाकून लिहिला होता. फक्त एका शाळेतल्या अख्ख्या वर्गाने लिहिलं होतं, "कधी उत्तरेला, कधी दक्षिणेला, आणि वर्षातून दोन दिवस पडतच नाही." तपासणीवर देखरेख ठेवणाऱ्या नियामकांनी तपासनिसांना शिकवलेलं असतं की बरोबर उत्तरं सारखी आली तर तो अभ्यास आणि चुकीची सारखी आली तर ती कॉपी. वर्गाचा निकाल रोखला गेला. आरोप सिद्ध झाला तर त्या मुलांचं वर्ष जाणार होतं आणि त्यांच्या भूगोलाच्या बाईंची नोकरी.

मी पाठ्यपुस्तक विभागात जुन्या पुस्तकांची खोली सांभाळतो. चौकशी समितीत एक माणूस कमी पडत होता म्हणून मला बसवलं होतं. माझं काम मान डोलावण्याचं होतं. पण नाक खुपसायची माझी सवय जुनी. आमची ही म्हणते, "अहो, तुम्हाला पेन्शनपेक्षा चौकशाच जास्त मिळायच्या."

उत्तर वाचून मला हसू आलं आणि मग हसू थांबलं. खरंच, कोणत्या दिशेला पडते? मी स्वतः शाळेत 'उत्तरेला' लिहून गुण घेतले होते. बघितलं मात्र कधीच नव्हतं.

मी खोलीत गेलो आणि फळीवरून पुस्तकं उतरवायला लागलो. आत्ताच्या रंगीत पुस्तकात ते वाक्य होतं. त्याआधीच्या काळ्यापांढऱ्या पुस्तकातही होतं. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या पुस्तकात राजाचं चित्र गेलं होतं, राजाच्या उपकारांचा धडा गेला होता, पण सावली जिथल्या तिथे होती. राजाच्या काळातल्या पुस्तकांत तर ती होतीच. शेवटी अगदी खालच्या फळीवरचं पहिलं पुस्तक हाती आलं. राज्यकर्त्यांच्या मायदेशी चालणाऱ्या पुस्तकाचं ते सरळ भाषांतर होतं. तो देश इतका वर, उत्तरेत, की तिथे दुपारचा सूर्य बारा महिने दक्षिणेलाच असतो. म्हणजे तिथल्या मुलांसाठी वाक्य खरं होतं. भाषांतर करणाऱ्या पंडिताने शब्द आपले घातले, सूर्य मात्र त्यांचाच ठेवला.

पण शाळेच्या अंगणात रोज सावली पडत असताना इतक्या वर्षांत एकाही मास्तरच्या लक्षात येऊ नये? मला काही चैन पडेना. मी त्या काळचे अनुदानाचे नियम काढले आणि कोडं सुटलं. शाळेला सरकारी पैसे मिळत ते पास झालेल्या दर मुलामागे. वाचनाचे इतके, लेखनाचे इतके, गणिताचे इतके, भूगोलाचे वर थोडे. वर्षातून एकदा इन्स्पेक्टर यायचा. त्याला आपली भाषा जेमतेम यायची, आणि संध्याकाळपर्यंत पुढची शाळा गाठायची असायची. तो पुस्तकातल्या ओळीवर बोट ठेवून प्रश्न विचारायचा. उत्तर ओळीशी जुळलं तर मूल पास, नाही जुळलं तर नापास, आणि मास्तरच्या पगाराला तितकी कात्री. घरी चार तोंडं खाणारी असताना कोणता मास्तर मुलांना म्हणेल, "बाहेर जाऊन बघा"? त्याने वर्गाकडून ओळ घोकून घेतली. त्याच्या जागी मी असतो तर मीही घेतली असती.

पुढे विद्यापीठाची प्रवेश परीक्षा आली. ती पास झाल्याशिवाय सरकारी कचेरीत खुर्ची मिळेना. शिकवणारा एक, प्रश्न काढणारा दुसरा, तपासणारा तिसरा. मुलाचं नाव जाऊन नंबर आला. वशिला चालू नये म्हणून हे केलं होतं, आणि ते बरंच झालं. पण मुलाला न ओळखणाऱ्या तपासनिसाला सगळ्यांसाठी एकच ठरलेलं उत्तर लागायला लागलं. वरची परीक्षा मागेल तेच खालचे वर्ग शिकवू लागले. राज्य गेलं, इन्स्पेक्टर गेला, अनुदानाचा तो नियमही गेला. त्याचं बोट मात्र अजून ओळीवर होतं.

सुनावणीला बाई आल्या त्या काठी घेऊनच. शिपायाने दारात अडवलं तेव्हा म्हणाल्या, "कुणाला मारायला नाही आणली हो."

"तुम्ही मुलांना उत्तर सांगितलंत?" अध्यक्षांनी विचारलं.

"नाही सर. मी फक्त काठी रोवली. मुलांनी वर्षभर दुपारी खुणा केल्या. सुट्टीतही यायची. घड्याळातले बारा नाही, सावली सगळ्यात आखूड असते ती वेळ. ती खूण धरायची."

"पण सगळ्यांचं वाक्य शब्दाला शब्द तेच कसं?"

बाई ओशाळल्या. "ते मात्र माझंच. बघितलं सगळ्यांनी, पण परीक्षेत तपासणाऱ्याला नीट कळावं म्हणून वाक्य मी बसवून दिलं."

अध्यक्षांनी माझ्याकडे विजयी मुद्रेने बघितलं. मी खिडकीबाहेरचं ऊन बघितलं. मी म्हणालो, "साहेब, दुपार होतेच आहे. खाली अंगणात जाऊ या का?"

"आदर्श उत्तर अंगणात बदलत नसतं," ते म्हणाले. पण कुतूहल त्यांनाही असावं, कारण कपाटातलं होकायंत्र त्यांनीच काढलं.

बाईंनी काठी रोवली आणि दोऱ्याला दगड बांधून ती सरळ आहे ना ते पाहिलं. आम्ही भोवती उभे राहिलो. सावली आखडत गेली, चार बोटांची झाली आणि तिथे थांबली. अध्यक्षांनी होकायंत्र खाली ठेवलं, उचललं, झटकलं, पुन्हा ठेवलं. सावली दक्षिणेला होती.

"आयला!" अध्यक्ष म्हणाले. त्यांच्या तोंडून असा शब्द मी प्रथमच ऐकला.

त्याच संध्याकाळी निकाल सुटला. मुलं पास झाली, बाईंची नोकरी राहिली. त्या दोन गुणांचं मात्र काही झालं नाही. ते दिले तर 'उत्तरेला' लिहिणाऱ्या लाखभर मुलांचं काय करायचं, याला कुणाकडेच उत्तर नव्हतं. पण पुढच्या पुस्तकात दुरुस्ती करायचं ठरलं आणि ते वाक्य लिहायचं काम माझ्याकडे आलं. मला आभाळ ठेंगणं झालं.

नवं पुस्तक छापून आल्यावर मी ते घेऊन थेट बाईंच्या शाळेत गेलो. वर्ग नवा होता. मी ऐटीत विचारलं, "भर दुपारी सावली कुठे पडते रे?"

सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "कधी उत्तरेला, कधी दक्षिणेला, आणि वर्षातून दोन दिवस पडतच नाही!"

"कशावरून?" बाईंनी विचारलं.

"पुस्तकावरून!"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पहिल्या बाकावरच्या मुलीच्या गाईडमध्ये माझं वाक्य ठळक अक्षरांत होतं, शेजारी चांदणी: हमखास येणारा प्रश्न. काठी कोपऱ्यात उभी होती, तिच्यावर कुणीतरी छत्री अडकवली होती.

बाई चिडल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "आता काठी रोवा म्हटलं की म्हणतात, उत्तर तर आलंय की. सर, तुम्ही तरी वर्षभर बघितलीय का सावली?"

बघितली नव्हती. मी एक दुपार बघितली होती, ती चार बोटांची. बाकीचं सगळं मीही बाईंकडून ऐकूनच लिहिलं होतं.

मी छत्री काढून ठेवली, काठी घेतली आणि अंगणात जाऊन खड्डा खणायला लागलो. सरकारी माणूस उन्हात माती उकरतोय म्हटल्यावर खिडक्या डोक्यांनी भरल्या. पहिल्या बाकावरची मुलगी ओरडली, "सर, हे परीक्षेला आहे का?"

"नाही," मी म्हणालो, आणि कोण कोण बाहेर येतंय ते बघत उभा राहिलो.