‘परत’ लिहिलेली पाटी

मी शूटिंगमधली पाटी बोलतेय. सीन सुरू होताना माझी दांडी आपटतात, तेवढंच माझं काम. माझ्यावर सिनेमाचं नाव लिहितात. पक्कं नाव ठरेपर्यंत कामचलाऊ, म्हणून पुसता येणाऱ्या पेनानं.

मला तळेगावच्या अश्लेषानं घेतलं. टाकवे बुद्रुकचे निवृत्तीभाऊ डोहात बुडालेल्यांना बाहेर काढायचे. त्यांचा मुलगा कैलास त्याच डोहात गेला. त्यांच्यावर ती लघुपट करत होती आणि भाऊ स्वतःच काम करणार होते. गोष्टीचा गाभा तिनं एका वाक्यात मांडला: दुसऱ्यांची माणसं घरी आणणाऱ्याचं स्वतःचं माणूस येत नाही.

माझ्यावर आधी ‘देवदूत’ आलं. गोष्ट न सांगता तिनं ते नाव लोणावळ्याच्या सरोजिनी मावशीला ऐकवलं. कुणाला तरी वाचवणाऱ्याचा सिनेमा असेल, असं मावशी म्हणाली. भाऊंच्या हाती जिवंत माणूस कधीच लागलं नव्हतं. नाव पुसलं.

मग ‘डोह’. कॅमेरावाला श्रीयश एकेक सीन वाचू लागला, तसं ते पाण्याच्या सीनना बसलं. पण भाऊंची बायको रतन ताट वाढून वाट बघते, तिथं नावाचा संबंधच उरेना. शिवाय भुताच्या गोष्टीलाही ते चाललं असतं. पुसलं.

‘परत’ मात्र सगळीकडे टिकलं. माणूस परत आणणं, परत पाण्यात उतरणं, कैलासचं परत न येणं. राहिला शेवटचा सीन. त्यात भाऊ पुन्हा पाण्यात उतरत होते. हे ‘परत’ खरं आहे का, म्हणून अश्लेषानं त्यांनाच विचारलं.

“न्हाई ताई,” भाऊ म्हणाले. “कैलासला काढलं, तवापासनं उतरलोच न्हाई. लोकं फोन करत्यात. मी उचलत न्हाई.”

तिनं नाव ठेवलं, शेवट बदलला. फोन वाजतो, भाऊ उचलत नाहीत.

ओसरीवर दांडी आपटली. फोन वाजला. भाऊ नुसते बघत राहिले. थांबून पुन्हा वाजला. अश्लेषाचे डोळे भरून आले. सीन संपल्यावर श्रीयश हळूच म्हणाला, “सीनचा फोन मी अजून लावलाच नव्हता.”

रतननं त्या नंबरवर फोन लावला. फिरायला आलेला एक मुलगा डोहात पडला होता. पहिला फोन आला तेव्हा तो फांदी धरून होता.

भाऊ उठले आणि गेले. संध्याकाळी त्यांनी त्याचा देह वर आणला.

ओल्या कपड्यांनीच ते अश्लेषासमोर बसले. “मला वाटलं, तुमचाच फोन हाय,” म्हणाले. मग म्हणाले, “ते फोन वाजल्यालं दावू नगा. त्याची आई बघंल.”

तिनं सिनेमा पुरा केला नाही. मी तिच्या कपाटात आहे. माझ्यावरचं ‘परत’ तसंच आहे. पेन पुसता येणारं आहे, पण तिचा हात उठत नाही. तुमच्यापैकी कुणी तिच्याकडे गेलात, तर एक ओलं फडकं फिरवा माझ्यावरून.