किनाऱ्याची बाजू

समुद्र मी अजून पाहिलेला नाही. तरी त्या दिवशी विष्णुपुरीच्या कॉलेजात, आंतरमहाविद्यालयीन वादविवादाच्या अंतिम फेरीत, मी किनाऱ्यावरच्या शेतकऱ्यांची वकिली करायला उभी होते. विषय होता, किनारी शेतीसाठीचा निधी प्रदूषण कमी करण्यापेक्षा बदललेल्या हवामानाशी जुळवून घेण्यावर जास्त खर्च व्हावा. चिठ्ठीत आम्हाला अनुकूल बाजू आली.

वर्षाराणी आणि मी, आम्ही दोघी मुखेडच्या कॉलेजच्या. मुख्य भाषण मी करायचं हे ठरलेलं होतं, भांडण होतं प्रत्युत्तरावरून. गेल्या वर्षी प्रत्युत्तराला उभी राहून मी पूर्ण मिनिटभर गप्प होते. सभागृहातला पंखासुद्धा ऐकू येत होता. त्यामुळे आमची तयारी करून घेणाऱ्या संगमेश्वर सरांनी या वेळी प्रत्युत्तर वर्षाराणीला द्यायचं ठरवलं. वर्षाराणीने सरळ नकार दिला. "लुबनाच बोलंल. न्हाई जमलं तर पुढल्या वर्षीपासून तिचं नाव देऊ नका," असं तिने सरांना सांगून टाकलं. माझी मैत्रीण अशी मदत करते की घाम फुटतो.

भाषण झकास चाललं होतं. वर्षाराणीची मामेबहीण पेण तालुक्यात दिलेली आहे, तिला फोन करकरून आम्ही माहिती काढली होती. बांध फुटून खारं पाणी भातशेतीत शिरलं की जमिनीतलं मीठ धुऊन निघायला दोन-तीन पावसाळे जातात. बांधात पाण्यासाठी दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. आज जगातली सगळी धुराडी बंद केली तरी समुद्र लगेच थांबत नाही, पुढे कित्येक दशकं चढतच राहणार. हे सगळं मी ठणकावून सांगितलं. आणि भरात म्हणून गेले, "भरती आली की उघाडीचं दार उघडतात."

लातूरचा रुद्रेश प्रतिकूल बाजूने उठला. तो हसत होता.

त्याने अगदी शांतपणे माझी सालटी काढली. दार वरून बिजागरीला टांगलेलं असतं. भरतीचं पाणी बाहेरून रेटतं, तेव्हा ते आपोआप मिटतं. ओहोटीला बाहेरची पातळी उतरली की शेतात साचलेलं पावसाचं पाणी ते ढकलून बाहेर जातं. भरतीला दार उघडलं तर पीकच बुडेल. मग त्याने मुद्द्याचं विचारलं, उत्सर्जन आटोक्यात आलं नाही तर समुद्र चढतच राहील, मग बांध उंच तरी किती करणार? ज्यांना दार कधी उघडतं तेही ठाऊक नाही, त्यांच्या हाती निधी द्यायचा का? सभागृहात हशा पिकला. सरांनी मान खाली घातली.

प्रत्युत्तराला दोन मिनिटं. मी उभी राहिले आणि पुन्हा तेच. पंखा पुन्हा ऐकू येऊ लागला. पण या वेळी मला राग आला, आणि रागाने माझं काम केलं.

"रुद्रेश बरोबर बोलला, मी चुकले," मी म्हणाले. "आमच्याकडं दार म्हणजे धरणाचं, उघडलं की कालव्याला पाणी येणारं. आम्ही पाण्याची वाट बघणारी माणसं, पाणी बाहेर काढायचं दार आमच्या डोक्यातच बसत नाही."

कुणीच हसलं नाही. मी पुढे बोलत गेले. "पण त्यानं आत्ता काय सिद्ध केलं? की एक साधं दार भातशेती वाचवतं. म्हणजे जुळवून घेणं चालतं. त्या दाराची फळी कुजली, तर कुठलं धुराडं बंद करून ती बदलणार? प्रदूषण थांबलंच पाहिजे, नाहीतर बांध पुरणार नाहीत, हे मला कबूल. पण त्याचा फायदा साऱ्या जगाला, म्हणून त्याचा पैसा साऱ्या जगाकडून यावा. बांधाचा फायदा फक्त त्या गावाला, म्हणून त्याला दुसरं कुणी पैसा देत नाही. किनाऱ्याच्या निधीतला मोठा वाटा बांधाला द्या. येत्या भरतीला तोच उपयोगी पडणार आहे."

घंटा वाजायला दहा सेकंद असताना मी खाली बसले. टाळ्या आधी मागच्या रांगेतून आल्या, मग सगळीकडून. रुद्रेशही वाजवत होता, हे मला मान्य करावं लागेल.

परीक्षक बाईंनी निकाल वाचला. विजेते मुखेड. प्रत्युत्तराचं वैयक्तिक बक्षीसही मुखेडला. वर्षाराणीने मला इतकं घट्ट धरलं की हातातली बक्षिसाची ढाल माझ्या बरगड्यांत घुसली. आनंदाने मला रडूच फुटलं आणि मी ते पुसलंही नाही.

सर डायरी उघडून आले. राज्यस्पर्धेला नावं पाठवायची होती. त्यांनी विचारलं, "प्रत्युत्तराला कुणाचं नाव लिहू?"

वर्षाराणी तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "माझं लिहा सर."