काळ्या पुठ्ठ्यामागचा उजेड

त्या प्रयोगशाळेत पाऊल टाकताच मला किळस आली. ज्या टेबलावर मी उभ्या हयातीत पाण्याचा पेला ठेवू दिला नाही, तिथे लेझरशेजारी चहाचे उष्टे कप होते आणि उपकरणाचे बटण बोटांना चिकटत होते. मी निवृत्त झाल्यावर ही जागा माझ्या धाकट्या चिरंजीवांकडे आली. घाण बहुधा त्यांच्याबरोबरच आली असावी.

मला बोलावले होते ते कौतुकासाठी. चिरंजीवांच्या विद्यार्थिनीने एक पातळ थर बनवला होता. लेझर पडला की तो अगदी क्षीण उजळतो, असा तिचा दावा होता. त्यावर तिचा प्रबंध उभा होता. उजेड खोटा ठरला तर तिची सगळी वर्षे पाण्यात. लेख छापायलाही गेला होता.

"आई, आकडा बघ! खोलीतल्या गोंगाटात बुडालेला सिग्नल, पण लॉक-इनने कसा उचललाय!"

तत्त्व मला शिकवण्याची गरज नव्हती. लेझरच्या वाटेत दातेरी चकती फिरते आणि प्रकाश ठराविक ठेक्याने सोडते, अडवते. चकतीचा ठेका तारेने लॉक-इन या मोजणाऱ्या उपकरणाला कळवलेला असतो. प्रकाश सुटला असताना थराचा उजेड टिपणाऱ्या संवेदकाकडून जे येते ते लॉक-इन बेरजेत धरते. अडला असताना येते ते वजा करते. ज्या गोंगाटाला तो ठेका ठाऊक नाही, तो जितका मिळवला जातो तितकाच वजा होतो, आणि पुरेसा वेळ सरासरी काढली की विरून जातो. ठेक्यात चालणारे तेवढे उरते.

"प्रकाश नसताना किती येतं?" मी विचारले.

"शून्य, मॅडम," विद्यार्थिनी म्हणाली. "चकती बंद करून रोज बघते."

"चकती बंद करून?"

"हो. सरांनीच सांगितलं."

मी चिरंजीवांकडे पाहिले. ते चष्मा पुसू लागले. चकती थांबली की ठेकाच थांबतो. मग लॉक-इनने बेरीज-वजाबाकी करायची कोणाच्या तालावर? ही परीक्षा म्हणजे दुकान बंद करून गल्ल्यात चोरी होत नाही असे म्हणण्यासारखे.

"चकती फिरू दे. तिच्या पुढे काळा पुठ्ठा धर. थरावर उजेडाचा कणही पडता कामा नये."

तिने पुठ्ठा धरला. आम्ही थांबलो. आकडा जवळजवळ होता तिथेच राहिला.

विद्यार्थिनीचा चेहरा पांढराफटक पडला. चिरंजीव मात्र म्हणाले, "फेज जरा फिरवली तर..." म्हणजे बेरीज-वजाबाकीची वेळ चकतीच्या ठेक्यापेक्षा थोडी पुढे-मागे सरकवली तर.

"फेज फिरवून जास्तीत जास्त आकडा शोधायचा, हेच केलंस ना इतके दिवस? तोंड धुऊन ये जा!"

मी टेबलाखाली वाकले. ठेक्याची तार आणि संवेदकाची तार चिकटपट्टीने एकत्र गुंडाळलेल्या, पट्टीवर केस आणि धूळ. ठेक्याचाच विद्युतदाब शेजारच्या तारेत झिरपत होता. गोंगाट परका असतो म्हणून गाळला जातो; हा तर घरभेदी. ठेका तोच, मग उपकरण त्याला हाकलणार कसे?

"आणा कात्री. ही तार भिंतीकडून न्या, ती इकडून. आणि चकतीचा वेग बदला. विजेच्या दिव्यांच्या लुकलुकीच्या पटीत ठेवू नका."

पट्टी सोडवताना बोटे काळी झाली. तारा वेगळ्या होताच पुठ्ठ्यामागचा आकडा शून्याभोवती घुटमळू लागला.

"आता पुठ्ठा काढ. सरासरीचा काळ वाढव. आणि घाई करू नकोस, मुली."

आकडा आळसावल्यासारखा सरकला आणि शून्याच्या किंचित वर स्थिरावला. तिने पुठ्ठा धरला, खाली आला. काढला, पुन्हा वर. फेज तिने एकदाच लावली आणि नंतर हात लावला नाही. मग ती पुनःपुन्हा तेच करीत बसली, मी न सांगता.

"आहे, मॅडम," ती हळूच म्हणाली. "खूप लहान आहे. पण आहे."

"बघ, आहेच ना!" चिरंजीव खुलले. "मग लेखातला आकडा कशाला छेडायचा? सिग्नल आहे हे तर खरंच. छापून येऊ दे, पुढे सावकाश दुरुस्ती देऊ."

उष्ट्या कपांनी आली नव्हती इतकी किळस मला त्या वाक्याने आली. माझ्या पोटचा गोळा हा!

मी काही बोलण्याआधी विद्यार्थिनी उठली. "सर, लेख मी आज मागे घेते. त्यावर माझंही नाव आहे."

"अगं, प्रबंध लांबेल तुझा!"

"लांबू दे. पुठ्ठा धरल्यावर जो आकडा येतो, तो उजेडाचा म्हणून माझ्या नावावर नको."

चिरंजीवांनी लहानपणी पाहायचे तसे माझ्याकडे पाहिले. आईने मध्ये पडावे म्हणून. मी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले आणि त्याला म्हणाले, "आम्हाला काम आहे. जाताना दार लावून घे."