डिफिबचा हिरवा दिवा

ऑस्ट्रेलियातल्या बंडाबर्गच्या क्रीडा अकादमीत फेसबुकवरच्या फोटोखालचा मजकूर नरेल लिहायची. म्हणजे गेल्या वर्षीचा उचलायची आणि तारखा बदलायची. सप्टेंबरच्या सुट्टीतल्या शिबिराचा मजकूरही तिने चहा गार व्हायच्या आत उरकला: "पाच ते सात आणि आठ ते बारा वर्षं, असे दोन गट. सकाळी नऊ ते दुपारी तीन. आठ मुलांमागे एक प्रशिक्षक, प्रत्येकाकडे मुलांसोबत काम करण्याचं सरकारी ब्लू कार्ड. प्रथमोपचार जाणणारा माणूस, सावली, सनस्क्रीन, मैदानावर डिफिब. दिवसाला सत्तर डॉलर, आठवड्याचे तीनशे. टोपी आणि डबा घरून."

दुपारी खाली उना फिफिता नावाच्या आईचं उत्तर आलं. तिच्या मुलाचं, सेमिसीचं, हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी खेळायला परवानगी दिली, पण बंद पडलेलं हृदय झटका देऊन चालू करणारं डिफिब यंत्र असेल तिथेच. तुमच्याकडे आहे, म्हणून पैसे भरले. त्यावर अकरा जणांनी बदाम टाकले.

ते वाचून नरेल सामानाच्या खोलीकडे निघाली. यंत्र तिने शेवटचं कधी पाहिलं होतं?

ते सापडलं, क्रिकेटच्या पॅडच्या ढिगाखाली. तयार असेल तर त्याचा हिरवा दिवा लुकलुकतो. हा लुकलुकत नव्हता. छातीला चिकटवायच्या पट्ट्यांची मुदत दोन वर्षांपूर्वीच संपली होती.

अकादमीचा मालक क्लेम पॉकॉक मीट पाय, म्हणजे खिमा भरलेली पेस्ट्री, खात होता. नरेलने यंत्राचं आणि सेमिसीचं सांगितल्यावर नवी बॅटरी आणि पट्ट्या मागवू म्हणाला, पंधरा दिवसांत येतील. शिबिर सोमवारी होतं.

"आणि तोवर?"

"तोवर तो पोरगा हळू पळेल. कशाला बोंब मारतेस, नरेल? इतक्या वर्षांत ते उघडायची वेळ आली का?"

तिला मैदान दिसलं, गवतावर आडवं पडलेलं पोर दिसलं, आणि मुकं यंत्र घेऊन धावणारी ती स्वतः. ती टेबलाशी परतली. नोकरीच्या विचाराने बोटं थबकली, मग तिने शिबिराच्या फोटोखाली लिहिलं: "आमचं डिफिब बंद आहे. चालू यंत्र मैदानावर आल्याशिवाय शिबिर सुरू होणार नाही." आणि उनाला फोन लावला.

"खरं सांगितलंस, बरं झालं बाई," उना म्हणाली. "मग बाकीच्या ओळींचं काय?"

मागून क्लेमच्या खुर्चीचा आवाज आला. मजकूर त्याच्याही फोनवर पोचला होता.

नरेलने पडद्यावर पाहिलं. प्रत्येकाकडे ब्लू कार्ड, असं तिनेच लिहिलं होतं. कार्ड मात्र तिने एकाचंही पाहिलं नव्हतं.

"थांबा," ती उनाला म्हणाली. "फोन ठेवू नका. आत्ताच विचारते."

ती क्लेमकडे वळली. त्याने मीट पाय बाजूला ठेवला होता. "प्रशिक्षकांची ब्लू कार्डं कुठे आहेत?" तिने विचारलं.