फायलीचं शेवटचं पान

माझी चूक होती, हे आधीच कबूल करतो. पंचवीस वर्षं वकिलांचा मुन्शी म्हणून काढली, त्यामुळे कागद मला कळतात असा माझा पक्का गैरसमज होता.

इंदिराबाईंचा दावा साधा होता. त्यांच्या घरामागच्या गल्लीच्या तोंडाशी सुवर्णरेखा ऑईल मिल लिमिटेड नावाच्या खाजगी कंपनीने तारेचं कुंपण घातलं आणि नळाकडे जाणारी वाट बंद झाली. बाई एकट्या, गुडघा सुजलेला. दोन घागरींसाठी अर्ध्या मोहल्ल्याचा वळसा पडायचा. कंपनीवर समन्स बजावायचं होतं, पण ते दोनदा परत आलं. जज्जसाहेबांनी सांगितलं, शनिवारपर्यंत खरा पत्ता द्या, नाहीतर दावा काढून टाकतो.

दोन्ही पत्ते मीच शोधले होते. रजिस्ट्रारच्या कचेरीत रुपया भरला की कंपनीची फाईल कुणालाही पाहता येते. मी पाहिली. सुरुवातीलाच मेमोरँडम, म्हणजे कंपनी स्थापनेचा मूळ कागद होता; त्यात नोंदणीकृत कार्यालय फक्त 'मध्यभारत राज्यात' असं लिहिलेलं. शेवटी सह्या करणाऱ्यांची नावं आणि पत्ते. पहिलं नाव जयसिंगराव, राहणार गौतमपुरा. मी खुशीत तेच उतरवलं. बेलिफ गौतमपुऱ्याला जाऊन आला. जयसिंगराव म्हणाले, "मी सही केली होती, बस. शेअर केव्हाच विकला, भाऊ."

दुसऱ्या खेपेला जरा पुढे वाचलं. १९५१ची सूचना सापडली, कार्यालय खजूरी बाजारात. तिथे आता बांगड्यांचं दुकान निघालं. मालक हसला, मला मात्र राग आला. तो स्वतःवरच होता, पण काढला घरी बायकोवर.

आमचे वकील कृष्णराव यांनी चष्म्यावरून पाहिलं. "दिवाकर, कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयात समन्स नुसतं ठेवून आलं, तरी बजावणी होते. तिथे कुणी घेवो न घेवो. म्हणून मला तोच पत्ता हवा. गिरणीचं फाटक नको, सही करणाऱ्याचं घर नको. आणि त्या कागदाची कचेरीच्या शिक्क्याची खरी नक्कल आण."

शुक्रवारी सकाळी पुन्हा रुपया भरला. फायली सांभाळणारा नंदू म्हणाला, "मुन्शीजी, तिसऱ्यांदा? आत काही सोनं दडवलंय का?"

"सोनं नको रे भिया, पत्ता दे. गाडलाय कुठेतरी."

त्याने फाईल माझ्या हातातून घेतली, उलटी केली आणि पाठचा पुठ्ठा उघडला. "तुम्ही आगे से पढ़ते. आमच्याकडे नवा कागद मागे लावतात. सबसे ताज़ा सबसे पीछे."

आणि मी तीन रुपये भरून पुढूनच वाचत होतो! आमच्या कचेरीत नवा कागद वर बसतो, म्हणून जगभर वरच बसत असणार, असं मी धरून चाललो होतो. पहिल्या वेळी वरच मेमोरँडम दिसलं, तेव्हाच खरं तर शंका यायला हवी होती. शेवटच्या पानावर दोन वर्षांपूर्वीची सूचना होती: नोंदणीकृत कार्यालय बदलले. घर नंबर, गल्ली, सगळं लिहिलेलं. संचालकाची सही. रजिस्ट्रारकडे दाखल झाल्याचा शिक्का.

गल्लीचं नाव वाचून मी नंदूला म्हटलं, "अरे, ही तर इंदिराबाईंचीच गल्ली!"

कुंपणाच्या पलीकडचं, बंद खिडक्यांचं घर. दार मागच्या रस्त्याला. बाई रोज ज्या वळशाने पाणी आणत, त्याच वळशावर ते दार होतं. मला इतकं हलकं वाटलं की नंदूला चहा पाजला.

संध्याकाळच्या आत नक्कल मिळाली, शनिवारी कोर्टात दाखल झाली. सोमवारी बेलिफसोबत मीही गेलो. दाराच्या चौकटीवर कंपनीच्या नावाची तळहाताएवढी पाटी होती, धुळीने माखलेली. आतल्या कारकुनाने हात मागे घेतले. "साहब नहीं हैं, मैं नहीं लूँगा."

"मत लो," बेलिफ म्हणाला. समन्स टेबलावर ठेवून त्याने तिथेच अहवाल लिहिला.

पुढच्या तारखेला कंपनीचे वकील हजर झाले. कृष्णरावांनी वाटेचा जुना नकाशा समोर ठेवताच त्यांनी कुंपण काढायची तयारी दाखवली आणि आठवड्याने तारा निघाल्या.

मी इंदिराबाईंकडे वकिलांचा निरोप घेऊन गेलो. त्यांनी मला ओसरीवर बसवलं, भरून तांब्या दिला. "बसा मुन्शीजी. घ्या ना."

मी म्हटलं, "बाई, माफ करा. दोन खेपा माझ्यामुळे वाया गेल्या. त्यात तुमचा गुडघा."

त्या हसल्या. "पहले पियो तो सही. आत्ताच भरून आणलंय. आणि बघा, दम लागला का मला?"

मी तो तांब्या सबंध संपवला.