दोनशे तीनमधलं तळं

मेहकरच्या त्या सोसायटीत जनकाबाई छत्री उघडून आंघोळ करायच्या. हौस नव्हती ती. बाथरूमचं छतच गळायचं. एकदा तर प्लास्टरचा पोपडा असा कोसळला की छत्रीची काडी मोडली आणि डोकं वाचलं.

वरच्या फ्लॅटात वामनराव, सोसायटीचेच सेक्रेटरी. तोंडी तक्रार केली की ते म्हणत, "पाईपाले घाम येते, बाई." शेवटी एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेल्या बाईंनी अख्ख्या समितीला ईमेल ठोकला:

"विषय: फ्लॅट २०३ मधून १०३ मध्ये वारंवार होणारी गळती. नगरपालिकेचा नळ येतो त्या संध्याकाळी गळती सुरू होते, तीन-चार दिवसांनी थांबते. तारखांसह फोटो जोडले आहेत. प्लास्टर पडून सळया दिसत आहेत. माझे नळ बंद ठेवून प्लंबरने पाहिले. पाणी वरूनच येते. समितीने वरच्या बाथरूमची रंगीत पाण्याने चाचणी घ्यावी. उपविधींप्रमाणे दुरुस्ती त्या सदस्याच्या खर्चाने व्हावी. पंधरा दिवसांत कार्यवाही न झाल्यास सहायक निबंधकांकडे जाईन."

पार्किंगमध्ये सभा बसली. अध्यक्ष नारायणराव गोड आवाजात म्हणाले, "मेल मागं घ्या ना, जनकाबाई. आपण सारे घरचेच."

"घरचे हा ना? मंग या उद्या माह्या घरी आंघोळीले. छत्री आपापली आणा."

"सांगतलं ना, घाम आहे तो," वामनराव म्हणाले.

"घाम नळाच्याच दिवशी काऊन येते हो, सेक्रेटरी साहेब? त्याले नगरपालिका मेसेज पाठवते काय?"

सगळे हसले. वामनराव चिडले. "करा चाचणी! उद्या या."

"उद्या नाही, आत्ताच. तपासणीवाला आदल्या दिवशी सांगून बसमधी चढत नाही."

वरात वर गेली. नारायणरावांनी बाथरूमचं दार उघडलं आणि तिथंच थबकले. उंबऱ्यावर गुडघाभर विटांची भिंत, पाणी वाहून जायचं नहाणीचं तोंड सिमेंटनं बुजवलेलं, आत काठोकाठ पाणी. अन् त्यात डास होऊ नयेत म्हणून हिवताप विभागाकडून आणलेले गप्पी मासे खुशाल पोहत होते.

"नळ आठ-दहा दिवसांनी येते," वामनराव पुटपुटले. "ड्रम पुरत नव्हते..."

समोरच्या फ्लॅटमधली झुंबरबाई तर आजही शपथेवर सांगते, की त्यातले दोन मासे स्लॅबमधून गळून जनकाबाईंच्या बादलीत उतरले होते. एकाला तर म्हणे सर्दी झाली होती.

"चला, मिटलं," नारायणराव घाईनं म्हणाले. "आता तरी मेल मागं घ्या. सोसायटीच्या इज्जतीचा सवाल आहे."

"मिटलं नाही, फकस्त दिसलं. माहं छत पडत होतं तवा कोठी होती हे इज्जत? सभेच्या इतिवृत्तात लिहा, माह्यासमोर."

लिहावं लागलं. तळं उपसलं, भिंत फोडली, नहाणी मोकळी झाली, वामनरावांच्या खर्चानं वॉटरप्रूफिंग झालं. मग नहाणीला बूच लावून लाल पाणी भरलं. दुसऱ्या दिवशी अख्खी समिती जनकाबाईंच्या बाथरूममध्ये माना वर करून उभी राहिली. एक थेंब पडला नाही.

नारायणरावांनी आशेनं विचारलं, "आता?"

बाईंनी तिथंच मोबाईल काढून सर्वांना उत्तर पाठवलं: "छत कोरडे आहे. प्लास्टर अजून बाकी आहे. तक्रार कायम."